सोळा टक्क्यांचे एकवीस

आईच्या घरचा जुना फ्रीज अखेर थकला आणि साठ हजारांचा नवा घ्यावा लागला. दुकानात कार्ड फिरवले आणि आम्ही टेम्पोवाल्याशी तिसऱ्या मजल्याच्या हमालीवरून घासाघीस करत होतो, तोच मोबाइलवर संदेश आला: आपला ६०,००० रुपयांचा व्यवहार सुलभ हप्त्यांत बदला, दरमहा फक्त ५,४४४ रुपये, १२ महिने, वार्षिक व्याजदर १६ टक्के, शुल्क व कर लागू. धाकट्या भावाने माझ्या खांद्यावरून तो वाचला आणि जिन्याच्या कठड्याला टेकून तिथेच हिशेब केला. "ताई, बारा हप्त्यांचे होतात पासष्ट हजार तीनशे अठ्ठावीस. म्हणजे वर झाले पाच हजार तीनशे. साठ हजारांवर हे नऊ टक्केसुद्धा नाहीत! बँकवाले उगाच सोळा लिहून लोकांना घाबरवतात." त्याचा गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. बँकेने लिहिलेले सोळा टक्केही खोटे नव्हते. तरीही दोघांतला एकही आकडा मला त्या फ्रीजची किंमत वाटेना, आणि फ्रीज जिन्यावरून वर चढेपर्यंत ती चुटपुट मनात राहिली.

नऊ टक्क्यांत गोम कुठे आहे, हे मला बाबांच्या पासबुकामुळे कळत होते. बाबा पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे सभासद होते आणि घरातली बहुतेक मोठी खरेदी, शिलाई मशीनपासून आमच्या कॉलेजच्या फीपर्यंत, त्या संस्थेच्या कर्जातून झाली. पासबुक फिकट निळ्या पुठ्ठ्याचे होते. आत मुद्दल, व्याज आणि बाकी असे तीन रकाने, आणि कारकुनाच्या तिरक्या अक्षरांतली जांभळी शाई पावसाळ्यात बोटाला लागायची. बाबा महिन्याअखेरीस ते उघडून मधल्या रकान्यावरून पेन्सिल खाली आणत. व्याजाचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा कमी होताना दिसे, कारण व्याज फक्त उरलेल्या बाकीवर लागत असे. हप्ता तोच असला तरी त्यातला व्याजाचा वाटा आटत जातो आणि मुद्दलाचा वाढत जातो, हे मी शाळेच्या गणिताच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी त्या पानावर पाहिले होते.

कार्डाच्या हप्त्यांचे गणितही नेमके तसेच चालते. पहिल्या महिन्यात साठ हजार माझ्याकडे असतात, म्हणून त्यांवर महिन्याचे सव्वा टक्क्याहून थोडे अधिक, म्हणजे ८०० रुपये व्याज लागते. ५,४४४ मधून ते वजा जाऊन ४,६४४ रुपये मुद्दलात जमा होतात. दुसऱ्या महिन्यात बाकी ५५,३५६ उरते आणि व्याज ७३८ वर येते. सहावा हप्ता भरल्यावर बाकी ३१,१९१ असते आणि बाराव्या हप्त्यात व्याज अवघे ७२ रुपये असते. वर्षभराच्या या बाक्यांची सरासरी काढली, तर ती सुमारे ३३,३०० रुपये येते. म्हणजे भाऊ ज्या साठ हजारांवर टक्के काढत होता, ते साठ हजार माझ्याकडे पुरता एक महिनाच राहणार होते. वर्षभर सरासरीने वापरायला मिळणार होते त्याच्या निम्म्याहून जरासे जास्त. ५,३२६ रुपये व्याजाला ३३,३०० ने भागले की बरोबर सोळा टक्के येतात. बँक त्या एका आकड्यापुरती चोख होती.

पण संदेशाच्या शेवटी चार शब्द होते: शुल्क व कर लागू.

शुल्क म्हणजे प्रोसेसिंग फी. काही बँका ती १९९ किंवा २९९ अशी ठरावीक लावतात, काही रकमेच्या टक्क्यांत लावतात. माझ्या बाबतीत ती एक टक्का, म्हणजे ६०० रुपये होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०८ रुपये. हे ७०८ रुपये पहिल्याच बिलात येतात. कर मात्र एवढ्यावर थांबत नाही. बाबांच्या पतसंस्थेच्या काळात व्याजावर कर हा विषयच घरात कधी निघाला नव्हता, आणि आजही साध्या कर्जाच्या, मग ते घराचे असो, वाहनाचे असो की ठेवीवरचे, व्याजावर जीएसटी लागत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा कर्जांवरील व्याजाला सूट दिली गेली. पण त्याच वाक्यात क्रेडिट कार्डाच्या सेवेतील व्याज त्या सूटीतून वगळले गेले. त्यामुळे हप्त्यातल्या व्याजाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे आणखी अठरा रुपये द्यावे लागतात. पहिल्या महिन्यात ८०० वर १४४, दुसऱ्या महिन्यात ७३८ वर १३३, असे करत वर्षभरात ९५९ रुपये होतात. हा कर ५,४४४ च्या हप्त्यात धरलेला नसतो. बिलावर त्याची वेगळी ओळ येते. हप्त्याचा आकडा बारा महिने तोच राहतो आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम मात्र दर महिन्याला वेगळी असते, ती यामुळे.

म्हणून पहिले बिल कसे दिसेल, ते मी कागदावर मांडून पाहिले. मुद्दल ४,६४४, व्याज ८००, व्याजावरील कर १४४, प्रोसेसिंग फी ६००, तिच्यावरील कर १०८. एकूण ६,२९६ रुपये. संदेशातल्या "फक्त ५,४४४" पेक्षा हे साडेआठशेने जास्त आहेत. दुसरे बिल ५,५७७ चे होते आणि मग उतरत उतरत शेवटचे ५,४५७ चे. ५,४४४ हा आकडा बारा महिन्यांत एकदाही जसाच्या तसा भरावा लागत नाही. व्याज ५,३२६, त्यावरील कर ९५९ आणि फीचे करासह ७०८ मिळून ६,९९३, म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये. वर्षभर पैसे वापरण्याची ती खरी किंमत.

आता हे दसादशे किती पडले? व्याजावरचा कर हा दराचाच भाग धरावा लागतो, कारण तो त्याच बाकीवर, त्याच वेळी, त्याच प्रमाणात वाढतो. १६ ला १.१८ ने गुणले की १८.८८ टक्के होतात, फी धरण्याआधीच. फी जमेस धरण्यासाठी कागद-पेन्सिलीची एक रीत आहे, ती मला पुरेशी वाटते. जास्तीच्या सगळ्या खर्चाला मूळ रकमेने भागायचे, २४ ने गुणायचे आणि हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागायचे. यामागे गुपित काही नाही. मुद्दल साधारण एकसारखे फिटत गेले, तर सरासरी बाकी किती राहते याचाच तो अंदाज आहे. ६,९९३ भागिले ६०,०००, गुणिले २४, भागिले १३: उत्तर येते साडेएकवीस टक्के. नेमका आकडा हवा असेल, तर स्प्रेडशीटच्या एका रकान्यात पहिल्या घरात 60000 आणि खाली बारा घरांत बारा बिलांच्या रकमा उणे चिन्हासह, -6296, -5577 अशा लिहायच्या आणि शेजारी हे सूत्र द्यायचे:

```
=IRR(A1:A13)*12
```

ते २१ टक्क्यांच्या किंचित वर उत्तर देते. रूढ हप्त्यासाठी अनेक जण वापरतात ते RATE हे सूत्र इथे फसवे ठरते, कारण त्यात सगळे हप्ते सारखे धरलेले असतात. ५,४४४ टाकले की ते इमानेइतबारे सोळाच दाखवते आणि आपली समजूत आणखी पक्की होते. भावाचे नऊ, बँकेचे सोळा आणि खिशाला पडणारे एकवीस हे तिन्ही आकडे एकाच फ्रीजचे होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग मुदतच कमी घेऊ या ना. तीन महिने. व्याज किती कमी होईल बघ."

हे वाक्य मी बँकेतल्या, दुकानातल्या, नात्यातल्या कितीतरी लोकांकडून ऐकले आहे आणि रुपयांत पाहिले तर ते खरेच आहे. साठ हजार तीन महिन्यांत फेडले, तर हप्ता २०,५३६ चा बसतो, व्याज १,६०७ रुपये, त्यावरील कर २८९. पण फी मुदत पाहून कमी होत नाही. ती तेच ७०८ रुपये घेते. एकूण २,६०४ रुपये जास्तीचे. आता तीच रीत लावली: २,६०४ भागिले ६०,०००, गुणिले २४, भागिले ४. उत्तर येते २६ टक्के. बारा महिन्यांत ७०८ रुपयांचा भार वर्षभराच्या बाकीवर पसरतो, इथे तो तीन महिन्यांवर पडतो. ठरावीक फी असली, की मुदत जितकी आखूड आणि रक्कम जितकी लहान, तितका खरा दर वर जातो. सहा हजारांच्या मिक्सरवर १९९ अधिक कर अशी फी देऊन तीन हप्ते करून घेणारा माणूस, व्याज मोजण्याआधीच, केवळ त्या २३५ रुपयांपायी साडेतेवीस टक्के मोजत असतो. तरीही मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. २३५ रुपये ही रक्कमच अशी आहे, की तिच्यासाठी कोणी कागद घेऊन बसत नाही. ती तशी ठेवण्यामागे कोणाचे तरी डोके निश्चित असणार.

रिझर्व्ह बँकेने या गोष्टींकडे डोळेझाक केलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०१३ मध्येच तिने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते आणि व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या वेशात येते. एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत हप्त्यांचा स्वतंत्र उल्लेख आला: रूपांतर करण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि दिलेली सवलत वेगवेगळी दाखवावी, बिलातही ती वेगळी दिसावी आणि व्याज असलेल्या हप्त्यांना बिनव्याजी म्हणून खपवू नये. पुढे १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जांसाठी ठरावीक नमुन्यातले तथ्यपत्रक आणि फी धरून काढलेला वार्षिक दर देणे बंधनकारक केले. पण त्याच परिपत्रकातून क्रेडिट कार्डावरील येणे रक्कम वगळली गेली. माझ्या संदेशात १६ होते आणि २१ नव्हते, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही. सगळे आकडे तिथे होते. फक्त त्यांची बेरीज करण्याचे काम माझ्यावर सोडले होते.

हप्त्यांत बदल करण्याची घाई तरी का, असाही एक प्रश्न मनात होता. खरेदीनंतर बिल निघेपर्यंत आणि मग देय तारखेपर्यंत ते साठ हजार तसेही बिनव्याजी वापरायला मिळतात. रूपांतर केले की ती मोकळीक त्या रकमेपुरती संपते आणि व्याजाचा काटा सुरू होतो. अनेक बँका बिल निघाल्यानंतरही देय तारखेपूर्वी रूपांतराची सोय देतात. ज्याला ते करायचेच आहे, त्याने खरेदीच्या संध्याकाळीच होकार देण्यात बँकेशिवाय कोणाचे हित नाही. साठ हजारांवर एका महिन्याचे व्याज करासह ९४४ रुपये होते, हे लक्षात घेतले, तर संदेश इतक्या तत्परतेने का येतो, ते उमगते. मात्र व्याज नेमके कोणत्या तारखेपासून धरणार, हे प्रत्येक बँकेचे वेगळे असते. काही बँका रूपांतर आणि पहिले बिल यांच्यामधल्या दिवसांचे व्याज वेगळे लावतात, म्हणून होकार देण्याआधी ते विचारलेले बरे.

शेवटी मी हप्ते केले नाहीत. माझी एक मुदतठेव होती. ती न मोडता तिच्यावर उचल घेतली. बँका ठेवीवर जो दर देतात, त्याच्याहून एक-दोन टक्के जास्तीने अशी उचल मिळते. मला ती साडेआठ टक्क्यांनी मिळाली. हीच रक्कम बारा महिन्यांत फेडताना व्याज पावणेतीन हजारांच्या आसपास जाते, त्यावर जीएसटी नाही आणि माझ्या बँकेने फीही लावली नाही. सात हजार आणि पावणेतीन हजार यांतला फरक आईच्या दोन-अडीच महिन्यांच्या औषधांएवढा होतो, आणि मला तो तसाच मोजता येतो. पण हे सांगताना मला अवघडल्यासारखे होते. ज्याच्याकडे ठेव आहे, त्याला स्वस्त कर्ज मिळते. भावाकडे ठेव नव्हती. त्याने त्याच सुमारास दुसऱ्या कार्डावर, योगायोगाने साठ हजारांचाच, लॅपटॉप घेतला होता आणि त्याच्यापुढे खरा पर्याय माझी ठेव नसून किमान देय रक्कम भरून बाकी पुढे ढकलत राहणे हा होता. तिथे साडेतीन टक्के महिना हा दर सर्रास असतो, म्हणजे वर्षाला ४२ आणि करासह साडेएकोणपन्नास टक्के. त्या शेजारी एकवीस टक्के स्वस्त आहेत. त्याने हप्ते केले, बँक वेगळी असली तरी दर आणि फी हीच होती, आणि मी त्याला करू नकोस म्हटले नाही. फक्त एवढे सांगितले, की हप्ता बहुधा किमान देय रकमेत पूर्ण धरला जातो, तेव्हा आता किमान भरूनही पूर्वीसारखे हात मोकळे राहणार नाहीत. आणि कार्डाची मर्यादा उरलेल्या मुद्दलाएवढी अडकून राहील.

दिवाळीच्या बोनसला त्याचा पुन्हा फोन आला. नऊ हप्ते झाले होते, तीन उरले होते, हाती पैसे आले होते आणि त्याला कर्ज एकदाचे मोकळे करायचे होते. "डोक्यावरचं ओझं उतरेल ग, ताई." ओझे उतरवण्याची ही ओढ मला बाबांची वाटली, तेही बोनस मिळताच पतसंस्थेत जाऊन कर्ज खाते बंद करत, आणि तिथे त्याला काही शुल्क नव्हते. कार्डाच्या अटींत मात्र मुदतपूर्व परतफेडीला उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के आणि त्यावर कर असे लिहिले होते. नवव्या हप्त्यानंतर बाकी १५,९०६ रुपये होती. तिचे तीन टक्के ४७७, करासह ५६३. आणि पुढचे तीन हप्ते नियमाने भरले, तर लागणारे सारे व्याज ४२६, करासह ५०३. म्हणजे कर्ज लवकर फेडण्यासाठी साठ रुपये जादा मोजावे लागणार होते. हेच त्याने सहाव्या हप्त्यानंतर केले असते, तर ३१,१९१ वर शुल्क करासह १,१०४ बसले असते आणि व्याज व कर मिळून १,७३७ वाचले असते. सहाशे तेहतीस रुपयांचा फायदा. पुढे हा फायदा वेगाने आटतो. या दराला आणि या शुल्काला, चार हप्ते उरलेले असेपर्यंत बंद करण्यात चार पैसे सुटतात, तीन उरले की उलटे होते.

मी त्याला ते दोन्ही आकडे पाठवले. "मग साठ रुपये गेले तर गेले," असे तो म्हणेल असे मला वाटले होते, आणि म्हणाला असता तरी मला ते पटले असते. कार्डाची सोळा हजारांची मर्यादा त्याच दिवशी मोकळी होणे हीसुद्धा कोणासाठी गरज असू शकते. त्याने थोड्या वेळाने उलट विचारले, की बंद करण्याच्या दिवसापर्यंतचे चालू महिन्याचे व्याज त्या ५६३ मध्ये धरले आहे का. मी ते धरले नव्हते. त्याने कस्टमर केअरला फोन लावून तेही विचारले, ते वेगळे लागणार होते. मग बोनसचे पैसे बचत खात्यात ठेवले आणि उरलेले तिन्ही हप्ते देय तारखेला आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन टाकली.